दुसरीकडे होकार दिल्यावर हातातली ऑफर कशी नाकारावी?

समजा, पालघरमध्ये राहणाऱ्या एका क्वालिटी कंट्रोल केमिस्टने दोन ठिकाणी मुलाखती दिल्या. पालघरच्या कंपनीचं ऑफर लेटर सोमवारी आलं आणि तिने ते स्वीकारलं. बुधवारी बोईसरच्या प्लेसमेंट कन्सल्टंटचा फोन आला: तारापूर एमआयडीसीतल्या औषध कंपनीनेही तिची निवड केली आहे, शुक्रवारपर्यंत उत्तर हवं. आता नकार द्यायचा आहे.

अनेक जण इथे फोन उचलणंच बंद करतात. नुकसान नकारापेक्षा या गप्प बसण्याने जास्त होतं. कन्सल्टंटला फी साधारणपणे कंपनीकडून मिळते आणि तीही उमेदवार रुजू झाल्यावरच. शिवाय निवड झाली की कंपनी दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला थांबवून ठेवते. बुधवारीच नकार कळला, तर त्याला लगेच बोलावता येतं. रुजू होण्याच्या दिवशी कळला, तर तोवर तो दुसरीकडे गेलेला असतो आणि शिफ्टला माणूस कमी पडतो. कंपनीचा राग मग कन्सल्टंटवर निघतो.

म्हणून त्याच दिवशी आधी फोन करावा. नकार पहिल्याच वाक्यात सांगावा. 'विचार करून सांगते' असं म्हणून आशा लावू नये. फोननंतर लगेच लेखी मेल पाठवावा, म्हणजे कन्सल्टंटला तोच कंपनीकडे पुढे पाठवता येतो:

'नमस्कार मॅडम, आत्ता फोनवर बोलल्याप्रमाणे, मी सोमवारी दुसऱ्या कंपनीची ऑफर स्वीकारली आहे. त्यामुळे ही ऑफर मला घेता येणार नाही. तुम्ही मुलाखत लवकर ठरवून दिलीत, त्याबद्दल आभार. कंपनीलाही माझा नकार कृपया कळवावा.'

कारण खरं आणि थोडक्यात द्यावं. 'घरी आजारपण आहे' असं खोटं कारण इथे टिकत नाही. तारापूरच्या कारखान्यांतले एचआर आणि केमिस्ट नोकऱ्या बदलत एकमेकांच्या ओळखीचे झालेले असतात; ती कुठे रुजू झाली हे आज ना उद्या कळतंच. नव्या कंपनीचं नाव किंवा पगार मात्र सांगायची गरज नाही.

'पगार वाढवून दिला तर याल का?' असा प्रश्न बहुधा येतो. यायचं नसेल तर आकडा विचारूच नये. आकडा विचारून नंतर नाही म्हटलं, तर कन्सल्टंटला कंपनीपुढे दोनदा खाली पाहावं लागतं.

याही ऑफरवर आधीच सही केली असेल, तर तेही स्पष्ट कबूल करून माफी मागावी आणि पत्रातल्या अटी पुन्हा वाचाव्यात. अशा वेळी नाराजी होणारच. ओळखीतला योग्य केमिस्ट, त्याला विचारून, सुचवता आला तर कन्सल्टंटची रिकामी जागा भरायला मदत होते आणि पुढच्या वेळी फोन करायला तोंड राहतं.