एककापासून सुरुवात

अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेसाठी हर्मन हॉलेरिथ यांनी माणसांची माहिती भोकांच्या रूपात कार्डांवर उतरवली. पुढे अशी कार्डं क्रमाने लावणारी यंत्रं कचेऱ्यांमध्ये आली. आयबीएमच्या ०८२ या यंत्रात मिनिटाला ६५० कार्डं जात. पण एका फेरीत ते कार्डावरचा एकच स्तंभ, म्हणजे एकच अंक वाचे आणि त्या अंकाच्या कप्प्यात कार्ड टाके. मग तीन अंकी संख्या लावायच्या कशा?

आपल्याला वाटेल, आधी शतक बघावं. पण तसं केलं तर दहा गठ्ठे होतात, प्रत्येकाचे पुन्हा दहा, आणि ते सगळे वेगवेगळे सांभाळावे लागतात. म्हणून यंत्र चालवणारे शेवटच्या अंकापासून सुरुवात करत. प्रत्येक फेरीनंतर कप्पे क्रमाने एकत्र केले की हाती पुन्हा एकच गठ्ठा राही.

सहा कार्डं घेऊ: ४२७, १५३, ४२१, ३५७, १२३, ३५१. एककाप्रमाणे वाटून गोळा केली की होतात ४२१, ३५१, १५३, १२३, ४२७, ३५७. मग दशक: ४२१, १२३, ४२७, ३५१, १५३, ३५७. शेवटी शतक: १२३, १५३, ३५१, ३५७, ४२१, ४२७. क्रम लागला, आणि कुठल्याही दोन कार्डांची एकमेकांशी तुलना करावी लागली नाही.

३५१ आणि ३५७ यांचे शतक आणि दशक सारखेच. त्यांचा क्रम पहिल्याच फेरीत ठरला आणि पुढच्या दोन फेऱ्यांनी तो मोडला नाही. सगळी पद्धत यावरच उभी आहे: कप्प्यात आधी आलेलं कार्ड बाहेरही आधीच निघालं पाहिजे. हाताने करताना कार्डं उताणी टाकत गेलात, तर आधीचं खाली जातं आणि क्रम उलटतो. पालथी टाकून शेवटी गठ्ठा उलथा केला, की तो शाबूत राहतो. कार्ड चुकीच्या कप्प्यात पडलं का, हे पाहायला कामगार गठ्ठ्याच्या भोकांतून सुई घालत. ती अडली की आत परकं कार्ड आहे हे कळे. उलटलेला क्रम मात्र सुईला सापडत नाही. तो शेवटी ३५७ नंतर ३५१ आलेलं दिसलं, तरच उघड होतो.

लहान संख्यांपुढे शून्यं धरावी लागतात. ७ म्हणजे ००७. कार्डं कितीही असोत, फेऱ्या अंकांइतक्याच. सहा अंकांची ६,५०० कार्डं ०८२ मधून न्यायला फेरीमागे दहा मिनिटं, म्हणजे एकूण तासभर लागे. गठ्ठे उचलण्याचा वेळ वेगळा.

संगणकात अडचण जागेची होती. कुठल्या कप्प्यात किती येतील हे माहीत नसल्याने प्रत्येकाला भरपूर जागा राखावी लागे. हॅरल्ड स्यूअर्ड यांनी १९५४ मध्ये एमआयटीतल्या प्रबंधात त्यावर उपाय मांडला: आधी प्रत्येक अंक किती वेळा येतो ते मोजायचं, त्यावरून कप्प्यांच्या हद्दी आखायच्या आणि मगच वाटप करायचं. संख्या पुष्कळ आणि अंक थोडे असतील, तर ही पद्धत आजही फायद्याची ठरते. संख्या मोजक्या आणि अंक लांबलचक असतील, तर सरळ तुलना करून लावणंच बरं.