गाण्याच्या चार ओळी आणि खाली ‘कंटिन्यू’

चॅटबॉटच्या चौकटीत आवडत्या गाण्याच्या पहिल्या चार ओळी चिकटवायच्या आणि खाली फक्त ‘कंटिन्यू’ असं लिहायचं, ही हल्ली अनेकांच्या हाताला लागलेली सवय आहे. कुणाला पुढचं कडवं आठवत नसतं, कुणाला सोसायटीच्या स्मरणिकेत छापायचं असतं, कुणाला सहज गंमत म्हणून पाहायचं असतं. उत्तर मात्र दर वेळी सारखं येत नाही. कधी पुढचं कडवं जसंच्या तसं उतरतं, कधी भलतंच काहीतरी येतं, आणि कधी ‘मूळ ओळी देता येणार नाहीत, पण याच भावाचं नवं कडवं लिहून देतो’ असं सांगितलं जातं. लोक चिडतात ते या तिसऱ्या उत्तरावर. माझ्या मते तिन्हींत तेच सर्वांत शहाणं आहे.

आधी या यंत्राचं काम कसं चालतं ते पाहू. अफाट मजकूर वाचून आधीच्या शब्दांवरून पुढचा शब्द ठरवायला ते शिकलेलं असतं. एखादं गाणं त्या मजकुरात शेकडो वेळा आलेलं असेल, तर त्याच्या ओळींचा क्रम त्याच्यात पक्का बसतो. अशा गाण्याच्या चार ओळी आयत्या समोर ठेवल्या, की पाचवी ओळ ओघानेच येते. नुसतं गाण्याचं नाव सांगण्यापेक्षा ओळी चिकटवण्याचा परिणाम जास्त होतो तो यामुळेच.

हा प्रश्न कोर्टातही गेला. जर्मनीत गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचं काम पाहणारी ‘गेमा’ ही संस्था ओपनएआय या कंपनीविरुद्ध म्युनिकच्या न्यायालयात गेली. वाद नऊ लोकप्रिय जर्मन गाण्यांच्या शब्दांचा होता. साध्या प्रश्नांना उत्तर म्हणून चॅटजीपीटी ते शब्द बाहेर काढत होता. 11 नोव्हेंबर 2025 रोजी न्यायालयाने निकाल दिला, की गाणं यंत्रात अशा रीतीने पाठ होऊन बसणं हीच मुळात एक प्रत आहे आणि ते पडद्यावर येणं ही आणखी एक. जबाबदारीही प्रश्न विचारणाऱ्याची नाही, यंत्र चालवणाऱ्याची, असं न्यायालय म्हणालं. कंपनीला वरच्या कोर्टाची वाट मोकळी होती, त्यामुळे हा शेवटचा शब्द नव्हे. अमेरिकेतही ऑक्टोबर 2023 मध्ये काही संगीत प्रकाशकांनी अँथ्रॉपिक कंपनीवर गाण्यांच्या शब्दांवरूनच दावा लावला, आणि जानेवारी 2025 मध्ये कंपनीने असे शब्द बाहेर पडू नयेत म्हणून घातलेले अडसर कायम ठेवण्याचं मान्य केलं. चॅटबॉटच्या नकारामागे हे सगळं आहे.

मराठी गाण्यांच्या बाबतीत गोष्ट जरा वेगळी होते. जागतिक मजकुरात ती तुलनेने थोडी. त्यामुळे यंत्राला पहिल्या दोन ओळी नीट येतात आणि तिसरीपासून ते रचत सुटतं. यमक जुळतं, शब्दही गोड असतात, पण ओळ मूळ कवीची नसते. ती सुरेश भटांच्या नावाने व्हॉट्सॲपवर फिरू लागली, की मूळ ओळींची चोरी झाली नसली तरी कवीवर अन्याय होतोच. नकारापेक्षा मला हे जास्त धोक्याचं वाटतं. ओळखायचा उपाय एकच, छापील संग्रह उघडून पाहणं. चॅटबॉटलाच पुन्हा ‘नक्की ना?’ विचारून उपयोग नाही.

भारतात गीतकाराच्या शब्दांवरचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या नव्या वर्षापासून 60 वर्षं टिकतो. ग. दि. माडगूळकर 1977 च्या डिसेंबरात गेले, म्हणजे त्यांचे शब्द 2037 अखेरपर्यंत संरक्षित आहेत. भा. रा. तांबे 1941 मध्ये गेले, त्यांच्या कविता केव्हाच मोकळ्या झाल्या. बहिणाबाईंचा हिशेब निराळा. त्या 1951 मध्ये गेल्या आणि त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली 1952 मध्ये. मरणोत्तर साहित्याची मुदत प्रकाशनापासून मोजतात, म्हणून ती 2012 अखेर संपली. तुकोबांच्या अभंगांचा तर प्रश्नच नाही. चॅटबॉट अभंगालाही नाही म्हणाला, तर ती नुसती अतिसावधगिरी. मात्र अभंग मोकळा असला तरी त्याला लावलेली चाल आणि त्याचं ध्वनिमुद्रण यांचे हक्क स्वतंत्र असतात.

आता ‘याच भावाचं नवं कडवं’. भाव कुणाच्या मालकीचा नसतो. सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद यांच्या खटल्यात 1978 मध्ये स्पष्ट केलं, की कल्पना, विषय, कथावस्तू यांवर हक्क सांगता येत नाही, हक्क असतो तो त्यांच्या विशिष्ट मांडणीवर. तो खटला नाटक आणि सिनेमाचा होता, पण तत्त्व गाण्यालाही लागू पडतं. समजा, चिकटवलेलं गाणं सासरी परतणाऱ्या मुलीचं आहे, पावसाळी, माहेराच्या ओढीचं. विरह, पाऊस, परतीची वाट आणि अष्टाक्षरी छंद हे सगळं बेलाशक घ्यावं. ओवीशी नातं सांगणारा हा छंद कुणा एकाचा नाही. घ्यायचं नाही ते म्हणजे ध्रुवपद, मूळ यमकांच्या जोड्या आणि प्रतिमांची साखळी. मूळ गाण्यात आधी अंगण, मग तुळस, मग आईचा पदर येत असेल आणि नव्या कडव्यातही अंगण, तुळस, पदर त्याच क्रमाने आले, तर शब्द बदलूनही ती नक्कलच. म्हणून मुलीला अंगणातून उठवून एसटीत बसवावं:

एस्टी वळणाला गेली
काच धुक्याने भरली
बोट फिरवून त्यात
वाट गावाची कोरली

पुरचुंडी दशम्यांची
गाठ आईने मारली
भूक लागली तरीही
मांडीवरच धरली

प्रत्येक ओळीत आठ अक्षरं आहेत, जोडाक्षर एकच धरायचं. चांगल्या-वाईटाचा निवाडा वाचकांनी करावा. पण धुक्याची काच आणि न सोडलेली पुरचुंडी इथल्याच प्रवासातून आल्या आहेत. परीक्षा सोपी आहे: नवं कडवं मूळ गाण्याच्या चालीवर म्हणून पाहावं. मूळ शब्द आपोआप तोंडात येऊ लागले, तर ते कडवं अजून मूळ गाण्याच्या फार जवळ आहे.

या उलट, चार ओळी चिकटवणाऱ्याने स्वतःच ते गाणं लिहिलेलं असेल, तर पुढे लिहून घ्यायला काहीच हरकत नाही. फक्त यंत्राला ते कळायला मार्ग नसतो, म्हणून सुरुवातीलाच ‘हे माझं अपुरं गाणं आहे’ असं सांगितलेलं बरं.

आणि मूळचंच पुढचं कडवं हवं असेल तर? हौशी मंडळाने तिकीट न लावता जमलेल्या लोकांपुढे गाणं सादर केलं, तर कायदा त्याला सूट देतो. तेच शब्द स्मरणिकेत छापायला मात्र ती सूट चालत नाही. तिथे कवीच्या वारसांची किंवा प्रकाशकाची परवानगी लागते.