गुरुजींचं मृत्युपत्र

हरसूलच्या आठवडे बाजारात चहा घेता घेता मृत्युपत्राचा विषय निघाला की दोन मतं हमखास ऐकू येतात. कुणी म्हणतं, "बापानं कमावलंय, तो कुणालाही देईल." लगेच दुसरा म्हणतो, "पोटच्या पोराचा हक्क बापालाही काढता येत नाही." दोघांचंही थोडं खरं आणि थोडं खोटं आहे. कुठलं खरं, हे मालमत्ता कुठली त्यावर ठरतं.

म्हणून एक घर डोळ्यांसमोर ठेवू. माणसं काल्पनिक आहेत, पण अशी घरं त्र्यंबक-पेठच्या पट्ट्यात शोधावी लागत नाहीत. कोकणा समाजाचे एक गुरुजी, आश्रमशाळेतून निवृत्त झालेले. थोरला मुलगा नाशिकला सातपूरच्या कारखान्यात, तो गावाकडे फिरकत नाही. मुलगी पेठ तालुक्यात दिलेली. अर्धांगाचा झटका आल्यापासून गुरुजींचं सगळं धाकटा मुलगा आणि सून करतात. गुरुजींच्या नावावर चार गोष्टी आहेत: पगारातून आणि पतपेढीच्या कर्जातून नाशिकला घेतलेला प्लॉट, बापाकडून आलेली तीन एकर भाताची आणि नागलीची जमीन, दीड एकराचा वनपट्टा आणि बँकेतली मुदत ठेव. गुरुजींना हे सगळं धाकट्याला द्यायचं आहे.

"थोडं तरी सगळ्यांना द्यावंच लागतं"

नाशिकच्या प्लॉटपुरतं हे साफ चूक आहे. स्वतःच्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत बाप जिवंत असेपर्यंत मुलांचा काडीचा हक्क नसतो. ती तो विकू शकतो, बक्षीस देऊ शकतो, मृत्युपत्रानं एकाच मुलाला किंवा शेजाऱ्यालाही देऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयानं १९५३ सालीच हे स्पष्ट केलं आहे. वगळलेल्या मुलाला नावापुरता एक रुपया लिहावा लागतो, इतर मुलांच्या संमतीच्या सह्या लागतात, असं सांगणारे भेटतात. यातलं काहीही लागत नाही. वारसांना डावललं एवढ्यावरून मृत्युपत्र संशयास्पद ठरत नाही, असंही याच न्यायालयानं १९९५ साली म्हटलं आहे. कारण उघड आहे. नेहमीच्या वारसाक्रमापेक्षा वेगळं काही करायचं असतं, म्हणूनच तर माणूस मृत्युपत्र करतो.

मग "मुलींना २००५ पासून समान हक्क" हे काय? तो हक्क एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेतला आहे. बापाच्या कमाईवर तो चालत नाही.

मात्र हा नियम सगळ्या धर्मांना आणि सगळ्या राज्यांना सारखा नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासून मुलांसारख्या हक्काच्या वारसांसाठी अर्धा हिस्सा राखीव असतो. बाप मृत्युपत्रानं उरलेल्या अर्ध्याचीच विल्हेवाट लावू शकतो. हरसूलच्या बाजारपेठेतल्या सुन्नी मुस्लीम कुटुंबात तर एकाच वारसाला झुकतं माप द्यायचं असेल, तर बापाच्या मृत्यूनंतर इतर वारसांची संमती लागते आणि बाहेरच्या माणसालाही अशा संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही. ओळखीच्या घरात झालं ते आपल्याही घरात होईल, ही समजूत इथेच फसते.

"आदिवासींना मृत्युपत्र करता येत नाही"

ही समजूत एका खऱ्या गोष्टीतून आली आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम २(२) सांगतं की, केंद्र सरकारनं वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. म्हणजे वर्तमानपत्रात वारसाहक्कावर जे छापून येतं, त्यातलं बरंचसं हरसूलच्या कोकणा, महादेव कोळी किंवा वारली घराला जसंच्या तसं बसत नाही. यावरून काही जण एक पायरी पुढे जातात आणि मृत्युपत्रच चालत नाही म्हणतात.

पण मृत्युपत्राचा अधिकार १९५६ साली जन्मलेला नाही. स्वकष्टाची मालमत्ता मृत्युपत्रानं देण्याची मुभा हिंदू कायद्यात त्याच्या कितीतरी आधीपासून आहे आणि मृत्युपत्र कसं करायचं हे १९२५ चा भारतीय वारसा कायदा सांगतो. आमच्या जमातीच्या रूढीत असं देता येत नाही, असं थोरल्याला म्हणायचं असेल, तर ती रूढी पुराव्यानं सिद्ध करण्याचं ओझं त्याच्यावर पडतं. जात पंचायतीतल्या चार म्हाताऱ्यांचं मत म्हणजे रूढी नव्हे; ती जुनी, सलग आणि ठाम पाळली गेलेली असावी लागते. प्लॉट धाकट्यालाच जाईल, असं गुरुजींनी धरून चालायला हरकत नाही.

"सातबारा माझ्या नावावर, म्हणजे जमीन माझी"

खरी गफलत होते ती इथे. गुरुजींच्या सातबाऱ्यावर एकट्या गुरुजींचं नाव आहे. पण सातबारा महसूल वसुलीचा कागद. जमीन आली कुठून हे तो सांगत नाही. ते फेरफारात असतं. तलाठ्याकडून जुने फेरफार उतारे काढायचे आणि मागे मागे जायचं. 'खरेदीने' असा शेरा आणि त्याला जोडलेलं खरेदीखत मिळालं, तर जमीन कमाईची. 'वारसाने' किंवा 'वाटपाने' असं दिसलं, तर थांबायचं आणि विचार करायचा.

गुरुजींच्या तीन एकरांवर 'वारसाने' असाच शेरा आहे: आजोबा, मग वडील, मग गुरुजी. गुरुजी बिगरआदिवासी हिंदू असते आणि वडील १९५६ नंतर मृत्युपत्र न करता वारले असते, तर उत्तर अनेकांना चकित करणारं आलं असतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८६ च्या निकालानुसार अशी वडिलांकडून वारशानं आलेली मालमत्ता मुलाची वैयक्तिक ठरते आणि नातवंडांना तिच्यात जन्मानं हक्क मिळत नाही. 'आजोबांची म्हणजे वडिलोपार्जित' हे सरसकट खरं नाही. मात्र वाटणी न होता एकत्र कुटुंबाच्या हातात राहिलेली जमीन वेगळी. तिच्यात बाप फक्त आपल्या हिश्श्यापुरतं मृत्युपत्र करू शकतो.

आदिवासी घरात मात्र तो १९५६ चा कायदाच लागू नाही, त्यामुळे हाच कागद उलट दिशेला नेऊ शकतो. कुटुंब हिंदू रीतींनी चालत आलं असं न्यायालयानं मानलं, तर जुना हिंदू कायदा पुढे येतो आणि त्यात बापाकडून आलेली जमीन मुलग्यांच्या दृष्टीनं वडिलोपार्जितच असते. म्हणजे थोरला या तीन एकरांत जन्मापासूनचा वाटा मागू शकतो. मुलीची बाजू अजून आकार घेते आहे. छत्तीसगडच्या गोंड कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये सांगितलं की, स्त्रियांना वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसताना आदिवासी स्त्रीला वारशातून डावलता येणार नाही. गुरुजींना माझा सल्ला एवढाच असेल, की प्लॉट आणि जमीन एकाच वाक्यात लिहू नका. जमिनीबद्दल 'माझा जो काही हिस्सा असेल तो' एवढंच लिहा. नाहीतर जमिनीच्या भांडणात प्लॉटही ओढला जातो.

वनपट्टा आणि नॉमिनी

दीड एकराचा वनपट्टा मृत्युपत्रात लिहून फायदा नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानं दिलेला हक्क वारशानं पुढे जातो, पण तो विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. पट्टा नवरा-बायकोच्या संयुक्त नावानं असतो, त्यामुळे गुरुजींच्या पत्नी हयात असतील, तर तो मुळात एकट्या गुरुजींचा नाहीच.

मुदत ठेवीत वेगळा पेच आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी गुरुजींनी नॉमिनी म्हणून थोरल्याचं नाव टाकलं होतं. "नॉमिनी तोच मालक" हा समज बँकेच्या काउंटरपाशीच पक्का होतो, कारण पैसे नॉमिनीच्याच हातात पडतात. पण तो ते वारसांच्या वतीनं घेतो. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंतराव साळगावकर यांच्या मृत्युपत्रावरून हाच प्रश्न म्युच्युअल फंड आणि शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयात गेला होता. नॉमिनेशननं मालकी मिळत नाही, वारसा कायदा आणि मृत्युपत्रच चालतं, असा निकाल डिसेंबर २०२३ मध्ये लागला. ठेव धाकट्याला द्यायची, तर ती मृत्युपत्रात लिहावी आणि बँकेत जाऊन नॉमिनीही बदलून घ्यावा. नाहीतर थोरल्याच्या हातात गेलेले पैसे परत काढायला धाकट्याला वर्षानुवर्षं कोर्टात खेपा माराव्या लागतील.

"पेपरात जाहिरात दिली, मुलगा बेदखल"

'आमच्या मुलाशी आमचा कसलाही संबंध राहिलेला नाही' अशा चौकटी वर्तमानपत्रांत नेहमी दिसतात. वारसाहक्कावर त्यांचा परिणाम शून्य. गुरुजी अशी जाहिरात देऊन मृत्युपत्र न करता गेले, तर थोरला वारस म्हणून उभा राहतोच.

"रजिस्टर केलं की कुणी हात लावू शकत नाही"

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीही सक्तीची नाही. साध्या कागदावर हातानं लिहिलेलं चालतं. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं तर कागद हरवण्याची भीती जाते आणि गुरुजी स्वतः हजर होते याचा पुरावा राहतो, म्हणून जरूर नोंदवावं. पण नोंदवलेल्या मृत्युपत्रालाही आव्हान देता येतं आणि नंतर केलेलं बिननोंदणीचं मृत्युपत्रही आधीचं नोंदवलेलं मृत्युपत्र रद्द करू शकतं.

मृत्युपत्रं पडतात ती बहुतेक साक्षीदारांवर. गुरुजींनी सही किंवा अंगठा केला, तो दोन साक्षीदारांनी पाहिला किंवा तो आपलाच असल्याचं गुरुजींनी त्यांना सांगितलं आणि मग त्या दोघांनी गुरुजींच्या समोर सह्या केल्या, एवढं व्हावंच लागतं. पुढे वाद झाला तर दोघांपैकी एक तरी कोर्टात येऊन हे सगळं सांगायला हवा, आणि त्याला दुसऱ्या साक्षीदारानंही सही केल्याचं सांगता यायला हवं. "मी माझी सही केली, बाकी मला माहीत नाही" असं म्हणणारा साक्षीदार मृत्युपत्र बुडवतो. म्हणून साक्षीदार गुरुजींपेक्षा तरुण, गावात राहणारे आणि या मालमत्तेतून काही न मिळणारे असावेत. सरपंच चालेल, धाकट्याचा मेहुणा नको.

गुरुजींना अर्धांग झालेलं आहे, म्हणून आणखी एक धोका आहे. ज्याला सगळं मिळणार त्यानंच वकील बोलावला, त्यानंच मजकूर सांगितला, त्यानंच जीपमधून निबंधकाकडे नेलं, तर १९५९ पासून न्यायालयं याला संशयास्पद परिस्थिती म्हणत आली आहेत आणि तो संशय दूर करण्याचं काम धाकट्यावर येतं. धाकट्यानं त्या दिवशी दूर राहावं. डॉक्टरांनी तपासून, शुद्धीत आणि समजून सही केल्याचं लिहून द्यावं. कारण लिहिणं कायद्यानं बंधनकारक नसलं, तरी 'थोरल्याच्या शिक्षणाला आणि घराला मी मदत केली आहे, आजारपणात धाकट्यानं केलं' अशा दोन ओळी फार उपयोगी पडतात.

गुरुजी गेल्यानंतर धाकटा जमिनीसाठी मृत्युपत्र घेऊन तलाठ्याकडे जाईल. तलाठी फेरफार धरेल, सगळ्या संबंधितांना नोटीस काढेल, हरकतीसाठी पंधरा दिवस देईल. थोरल्यानं हरकत घेतली तर नोंद तक्रारी होईल आणि मंडळ अधिकाऱ्यापुढे जाईल. तिथे जो निकाल लागेल तो फक्त नोंदीपुरता असतो. मृत्युपत्र खरं की खोटं हे दिवाणी न्यायालयच ठरवतं.