डांबरासारखी काळी संडास? कारण पाठदुखीची गोळीही असू शकतं

समजा, मालेगावातला एक यंत्रमाग कामगार पाठ दुखते म्हणून रोज डायक्लोफिनॅक घेतो. गोळी दुखणं थांबवते, पण जठराचं संरक्षक अस्तरही कमकुवत करते. तिथे अल्सर होऊन रक्त झिरपू लागतं. पोटातलं आम्ल आणि आतड्यातले जंतू ते काळं करतात. म्हणून संडास डांबरासारखी चिकट आणि उग्र वासाची होते. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो, पण ती इतकी चिकट नसते आणि तसा वासही येत नाही.

उलटीत लाल रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे कण दिसले, तरी धोका तोच. लिव्हर खराब असलेल्यांच्या अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटल्या, तर रक्त भळाभळा येतं.

अशा वेळी लगेच १०८ला फोन करा. दूध, लिंबूपाणी, अँटासिड, काहीच पाजू नका. पोट रिकामं असेल तर एंडोस्कोपी सोपी जाते. उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर झोपवा. रुग्णाला बाइकवर बसवून नेऊ नका, वाटेत चक्कर येऊ शकते. गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल, तर डॉक्टरांना ते आधी सांगा.