दृश्यातला वाटसरू पुसताना

१८३८ साली लुई दागेर यांनी पॅरिसमधल्या 'बुलवार द्यू तांप्ल' या गजबजलेल्या रस्त्याचा फोटो काढला, तो उमटला जवळपास ओसाड. प्लेटवर प्रकाश काही मिनिटं पडत राहिला होता आणि तेवढ्या वेळात जे चालत होते, त्यांची खूणच राहिली नाही. बुटांना पॉलिश करून घेत एका जागी थांबलेला एक गृहस्थ तेवढा टिकला. शॉटमध्ये नको असलेला वाटसरू घालवणारा आजचा एडिटरही याच भरवशावर असतो : माणूस हलतो, मागची भिंत हलत नाही.

समजा, ट्रायपॉडवरून एका जुन्या वाड्याचा दहा सेकंदांचा शॉट घेतलाय. सेकंदाला २५ प्रमाणे २५० फ्रेम. पहिल्या फ्रेमला वाटसरू डाव्या कडेला आहे, शेवटच्या फ्रेमला उजव्या. संपूर्ण मोकळी अशी एकही फ्रेम नाही. तरीही पहिल्या फ्रेमचा उजवा भाग आणि शेवटच्या फ्रेमचा डावा भाग जोडला, की पूर्ण रिकामा वाडा हाती येतो. हीच 'क्लीन प्लेट'.

वर्दळ जास्त असेल तर हे काम गणितावर सोपवतात. एकाच बिंदूची उजळता पाच फ्रेममध्ये ११८, १२१, ११९, ४२, १२० अशी आहे. यातला ४२ म्हणजे कुणाचा तरी काळा कोट. सरासरी काढली तर १०४ येते आणि भिंतीवर भुतासारखी पुसट सावली उरते. त्याऐवजी आकडे चढत्या क्रमाने लावून मधला, म्हणजे ११९, घेतला की कोट साफ जातो. मात्र एखादा निम्म्याहून जास्त वेळ तिथेच रेंगाळला, तर गणित त्यालाच भिंत समजतं. दागेरच्या त्या गृहस्थासारखा तोही टिकतो!

प्लेट तयार झाली की ती अख्ख्या शॉटवर चढवायची नाही, नाहीतर झाडाची पानं गोठतील. वाटसरूभोवती मास्क आखून तो त्याच्याबरोबर सरकवायचा आणि कडा मऊ ठेवायच्या. नवखे लोक इथे सावली विसरतात. मग माणूस जातो, पण फरशीवरून त्याची सावली एकटीच चालत राहते.

ठिगळ ओळखू येतं ते बहुधा ग्रेनमुळे. मूळ चित्रात बारीक रवा सतत वळवळत असतो, तर प्लेटचा तुकडा निपचित पडलेला दिसतो. म्हणून त्यावर पुन्हा ग्रेन चढवावा लागतो. मध्येच ढग आला तर रंगही जुळत नाही. प्लेट 'डिफरन्स' मोडमध्ये शॉटवर ठेवून पाहावी : जिथे जुळतं तिथे काळं, जिथे उजळ दिसतं तिथे गडबड.

वाटसरू बोलणाऱ्या पात्राच्या पुढून गेला, तर मात्र ही युक्ती चालत नाही, कारण झाकलेल्या क्षणी त्या चेहऱ्यावर काय होतं, हे दुसरी कुठलीच फ्रेम सांगू शकत नाही. तेव्हा एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा, आणि टेक संपल्यावर ट्रायपॉडला हात न लावता रिकामी जागा पंधरा सेकंद शूट करून ठेवा.