राउटरविना निरोप आणि त्याची पोच

शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीच्या ईएसपी८२६६ आणि ईएसपी३२ या वाय-फाय चिप बसवलेले छोटे बोर्ड आज हौशी माणसांपासून कारखान्यांपर्यंत सगळीकडे दिसतात. त्यांतली ईएसपी-नाऊ ही सोय मात्र अनेकांनी पाहिलेलीच नसते. तिच्यात राउटर नाही, पासवर्ड नाही, जोडणीची बोलणी नाहीत. समोरच्या बोर्डाचा मॅक पत्ता ठाऊक असला आणि दोघांचा चॅनल एक असला की निरोप थेट जातो. मूळ आवृत्तीत एका निरोपात जास्तीत जास्त २५० बाइट मावतात. टाकीची पातळी किंवा मोटरचा हुकूम सांगायला दहा-बाराही पुरतात.

एक उदाहरण घेऊ. घराजवळ पाण्याची टाकी, दीडशे मीटरवर विहीर आणि मोटर, मध्ये ऊस. टाकीवरचा बोर्ड पातळी मोजतो आणि विहिरीवरच्या बोर्डाला मोटर चालू-बंद करायला सांगतो. फेब्रुवारीत सुरू उसाची लागण नुकतीच झालेली असताना हे बिनतक्रार चालते. ऑगस्टमध्ये ऊस डोक्यावर गेला की निरोप गळू लागतात. बोर्ड बिघडलेला नसतो. हिरव्या पानांतले पाणी २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी शोषून घेते, आणि पावसाने भिजलेली पाने त्याहून जास्त.

शिवाय लहरींना नुसती सरळ रेषा मोकळी असून भागत नाही. दीडशे मीटरच्या वाटेच्या मध्यावर त्या रेषेभोवती सगळीकडे साधारण सव्वादोन मीटर जागा मोकळी असेल तर उत्तम. म्हणून तीन मीटर उंच उसावरून निरोप न्यायचा तर दोन्ही अँटेना पाच मीटरच्या आसपास चढवाव्या लागतात. बोर्ड पत्र्याच्या स्टार्टर पेटीत ठेवला तर तोही उपाय वाया जातो. एस्प्रेसिफची लांब पल्ल्याची वेगळी पद्धतही आहे. ती वेग कमी करून पल्ला वाढवते, पण दोन्ही टोकांना याच कंपनीच्या, ती पद्धत चालणाऱ्या चिप लागतात. माझे मत विचाराल तर आधी खांब उंच करावा.

आता पोचेकडे वळू. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. `esp_now_send()` ने `ESP_OK` परत दिले, याचा अर्थ निरोप पाठवण्याच्या रांगेत लागला, एवढाच. नंतर कॉलबॅकमध्ये `ESP_NOW_SEND_SUCCESS` आले, तर समोरच्या रेडिओने पॅकेट घेऊन पोच पाठवली. ती पोच वाय-फायचा खालचा थर स्वतःच देतो. वरचा प्रोग्राम अडकलेला असला तरी ती येऊ शकते. मोटर चालू झाल्याचा यात कुठेही पुरावा नाही.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. अपयश कळले म्हणजे निरोप पोहोचलाच नाही, असे नव्हे. निरोप पोहोचून पोच उसात हरवलेली असू शकते. अशा वेळी टाकी तोच निरोप पुन्हा पाठवते. हुकूम ‘स्थिती उलटी कर’ असा असेल, तर दुसऱ्या निरोपाने चालू मोटर बंद पडेल. म्हणून हुकूम नेहमी ‘चालू’ किंवा ‘बंद’ असा स्पष्ट द्यावा आणि सोबत क्रमांक जोडावा:

```c
typedef struct {
  uint32_t seq;
  uint8_t  pump_on;
} msg_t;
```

तोच `seq` पुन्हा आला तर विहिरीवरचा बोर्ड नवे काही करत नाही, पण उत्तर मात्र पुन्हा पाठवतो. ते उत्तर म्हणजे आपल्या प्रोग्रामने दिलेली पोच, आणि टाकीने तिच्यावरच विसंबावे. सर्वांना उद्देशून `FF:FF:FF:FF:FF:FF` या पत्त्यावर पाठवलेल्या निरोपाला तर रेडिओची पोचही नसते; कोणी ऐको वा न ऐको, कॉलबॅक यशच दाखवतो.

दोष कुठे आहे, हे अपयशाच्या चालीवरून ओळखता येते. अधूनमधून, वाढत्या प्रमाणात आणि पावसात जास्त निरोप गळत असतील तर पल्ला संपतो आहे. कालपर्यंत सुरळीत आणि आज एकही नाही, असे झाले तर चॅनल बघावा. टाकीवरचा बोर्ड घरच्या राउटरलाही जोडलेला असेल तर त्याला राउटरच्या चॅनलवरच राहावे लागते. वीज जाऊन आल्यावर राउटरने चॅनल बदलला, की विहिरीवरचा बोर्ड जुन्या चॅनलवर एकटा पडतो. राउटरचा चॅनल कायमचा ठरवून टाकला की ही अडचण सुटते.

इतके करूनही संपर्क कधीतरी तुटणारच. म्हणून टाकीने दर तीस सेकंदांनी नव्या क्रमांकाने हुकूम पुन्हा सांगावा आणि दोन मिनिटे काहीच ऐकू आले नाही तर विहिरीवरच्या बोर्डाने मोटर स्वतः बंद करावी. उत्तरात रिलेची स्थिती न पाठवता मोटरच्या तारेवरच्या करंट सेन्सरचे मोजमाप पाठवावे. थ्री-फेज गेलेली असताना रिले ओढलेला दिसतो, आणि टाकीत मात्र थेंबही येत नाही.