बोलून टाकलं की बोलून बसला?

‘तो बोलून गेला’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. एकात तो बोलला आणि निघून गेला. दुसऱ्यात तो जागचा हललाही नाही, पण नको ते तोंडातून निसटलं. दुसऱ्या अर्थाचं ‘बोलून गेला’ हे संयुक्त क्रियापद. क्रिया एकच, बोलण्याची. ‘गेला’ फक्त ते बोलणं कसं झालं ते सांगतो. अशा जोड्यांची यादी करायला बसलं, की पहिली अडचण हीच येते.

हिंदीत ही अडचण कमी. तिथे ‘लिख दिया’ आणि ‘लिखकर दिया’ ही रूपंच वेगळी आहेत. मराठीत दोन्हींना ‘लिहून दिलं’. म्हणून यादीत नुसती जोडी टिपून भागत नाही, पूर्ण वाक्य लागतं. शंका आली तर मध्ये असा शब्द घालून पाहावा, जो फक्त दुसऱ्या क्रियापदाला लागू पडेल. ‘बोलून घरी गेला’ म्हणता आलं, तर क्रिया दोन. ‘निसटलं’ या अर्थात तिथे ‘घरी’ शिरत नाही. ‘च’ किंवा ‘तर’ मात्र कुठेही शिरतात, त्यांच्यावर भरवसा ठेवू नये.

यादीचे गट पाडायचे ते पहिल्या क्रियापदाच्या रूपावरून. ‘करून दिलं’ म्हणजे दुसऱ्यासाठी केलं, ‘करू दिलं’ म्हणजे करायला परवानगी दिली. सहायक तेच, पण ‘ऊन’ जाऊन ‘ऊ’ आला की अर्थ पार बदलतो. ‘ऊ’चा गट (करू लागला, करू शकतो) तसा सरळ आहे. खरी गंमत ‘ऊन’च्या गटात.

एकच क्रियापद घेऊन सगळे सहायक लावून पाहिले की छटा नीट दिसतात. समजा, घरातल्या एकाला भावाच्या लग्नाच्या खर्चाबद्दल काही म्हणायचं आहे. ‘त्याने बोलून टाकलं’ म्हणजे मनात साठलेलं एकदाचं बाहेर काढलं, विषय संपवला. ‘त्याने बोलून दाखवलं’ यात समोरच्याला कळावं हा हेतू आहे, आणि बरेचदा थोडा टोमणाही. ‘तो बोलून गेला’ यात हेतूच नाही. ‘तो बोलून बसला’ म्हणजे बोलला आणि आता त्याचे परिणाम भोगणं आलं. ‘त्याने मंडपवाल्याशी बोलून ठेवलं’ यात पुढची सोय आहे. ‘त्याने भावाशी बोलून घेतलं’ म्हणजे पुढचं काही ठरायच्या आत आपल्या बाजूने बोलणं उरकलं.

या वाक्यांत कुठे ‘तो’ आहे, कुठे ‘त्याने’. एरवी आपण ‘तो बोलला’ म्हणतो, पण ‘टाकलं’ आलं की ‘त्याने’ होतं, कारण कर्त्याचं रूप सहायक ठरवतो. उलटंही घडतं: ‘त्याने पैसे गमावले’, पण ‘तो पैसे गमावून बसला’. मराठी शिकणारे नेमके इथे चुकतात, म्हणून यादीत कर्त्याच्या रूपाचा एक रकाना हवाच.

दुसरा रकाना नकाराचा. ‘मी बोलून ठेवलं नाही’, ‘मी बोलून दाखवलं नाही’ सहज म्हणतो. ‘मी बोलून टाकलं नाही’ कानाला खटकतं, तिथे नुसतं ‘बोललो नाही’ येतं. जे उरकलंच नाही त्याला उरकल्याची छटा लावायची कशी? आज्ञेत मात्र नकार चालतो: ‘भलतंच बोलून बसू नकोस.’

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो अर्थाच्या रकान्यात. चार-पाच वाक्यं जमली की ‘बसणे म्हणजे पश्चात्ताप’ असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. मग ‘ती रुसून बसली’, ‘मालक भाव धरून बसला’ ही वाक्यं समोर येतात. इथे पश्चात्ताप औषधालाही नाही, आहे तो चिवटपणा. ‘अजून’ घालून पाहिलं की फरक कळतो. ‘ती अजून रुसून बसलीय’ चालतं, ‘तो अजून बोलून बसलाय’ चालत नाही. म्हणजे ‘बसणे’च्या नोंदी दोन. ‘करून घेणे’चंही तसंच: ‘अभ्यास करून घे’ म्हणजे स्वतः कर, ‘मुलाकडून अभ्यास करून घे’ म्हणजे त्याला करायला लाव.

काही जोड्या अशा घट्ट झाल्या आहेत की त्यांची फोड करून हाती काही लागत नाही. ‘चालवून घेणे’ म्हणजे खपवून घेणे; त्यात कुणी काही चालवत नाही. अशा जोड्यांना सरळ स्वतंत्र शब्द मानून वेगळं पान द्यावं. त्या ‘घेणे’च्या रांगेत बसवायला गेलं, तर ‘घेणे’चा अर्थ इतका ताणावा लागतो की बाकीच्या नोंदीही बिघडतात.